दोनच ठिकाणं निवडा

आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एक छोटी खोली आहे. बिल्डरच्या नकाशात तिचं नाव ‘स्टडी’ होतं, पण तिथे कोणी कधी पुस्तक उघडलं नाही. तिथे माझा ओव्हन होता, एक जुना फ्रीज होता आणि एक स्टीलचं टेबल, ज्यावर मी कित्येक वर्षं केक केले. बिनअंड्याचे. कारण आमच्याकडे निम्म्या घरांत अंडं चालत नाही, आणि उरलेल्या निम्म्या घरांत सासू आली की चालत नाही. खोलीला एकच खिडकी आणि त्या खिडकीत कूलर. नागपूरकराला हे समजावून सांगायला नको की उन्हाळ्यात कूलरची खोली म्हणजे घराची राजधानी. आमची राजधानी क्रीम आणि स्पंजच्या ताब्यात होती आणि कोणाची काही हरकत नव्हती.

मग सासऱ्यांच्या किडन्या गेल्या. ते नरखेडकडच्या गावी दिरांजवळ राहायचे, संत्र्याच्या बागेत. तिकडून आठवड्यात तीनदा डायलिसिसला नागपूरला येणं शक्य नव्हतं, म्हणून ते आमच्याकडेच राहायला आले. त्यांचा दिवाण हॉलमध्ये टाकला. नवऱ्याची नोकरी बुटीबोरीच्या कारखान्यात, सकाळी बस पकडली की संध्याकाळीच दर्शन. त्यामुळे तीन सकाळी त्यांना दवाखान्यात नेणं, मशीन चालू असेपर्यंत बाहेर बसणं आणि घरी आणून झोपवणं हे माझ्याकडे आलं. मी तक्रार करत नाही. म्हणजे करते, पण ते माणूस म्हणून इतके गोड आहेत की तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

दसऱ्याच्या सुमारास नवऱ्याने विषय काढला. हळूच काढला, त्याला माझा स्वभाव माहीत आहे.

“अवं, उन्हाळ्यात बाबाले हॉलमध्ये कसं ठेवाव? त्याहिले पाणी मोजून प्यायला सांगतलं डॉक्टरनं. गरमीनं तहान तहान करतीन ते. कूलरची खोली लागन त्याहिले.”

“मंग माया ओव्हन कुठं ठेवू? डोक्यावर?”

“तसं नाई म्हणून राहिलो मी. तोवर तुयं काम वाढलं तर समोरच्या गल्लीतला तो गाळा भाड्यानं घेऊ, तिथं मांड तुयं सामान. रोजचं काम पाहिजे पण, गाळा काय एखाद्या केकवर चालत नाई.”

काम वाढलं नाही तर काय, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. होळीपर्यंत रोज ऑर्डर यायला लागली तर मी बेकरीवाली राहणार होते. नाहीतर खोली सासऱ्यांची होणार होती, आणि तीही योग्यच गोष्ट होती. हाच तर सगळा घोळ होता. समोर कोणी वाईट माणूस असता तर मी भांडले असते. भांडायला मी कधी मागे हटलेली नाही.

त्यावेळी मी सगळीकडे होते. व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकायची, इन्स्टाग्रामवर फोटो, तेच फोटो फेसबुकवर. गूगलच्या नकाशावर माझ्या नावाचा ठिपका होता, त्याला मी दोन वर्षांत हात लावला नव्हता. यूट्यूबवर तीन व्हिडिओ होते, त्यातल्या एकात मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. एका डिलिव्हरी ॲपवरही नाव घातलं होतं. पण तिथे ऑर्डर आली की लगेच हो म्हणावं लागतं आणि अर्ध्या तासात डबा तयार पाहिजे. माझा केक आदल्या दिवशी सांगावा लागतो, आणि ज्या सकाळी ऑर्डर यायची त्या सकाळी मी दवाखान्यातल्या बाकावर. तिथून मी स्वतःच बाहेर पडले. बाकी सगळीकडे थोडी थोडी होते, म्हणजे कुठेच धड नव्हते. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ना, तसं. अर्धवट लिहिलेली उत्तरं, तीन दिवसांनी पाहिलेले मेसेज, आणि एका बाईने फेसबुकवर मागितलेला केक तिच्या नवऱ्याचा वाढदिवस होऊन गेल्यावर मी वाचला.

म्हणून मी धरमपेठेत, फोनवरून गिऱ्हाईक कसं मिळवायचं ते शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गाला गेले. घरून केक करणाऱ्या बायकांसाठीच होता, एका साडीच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये, सकाळपासून दुपारपर्यंत. बाई हुशार होत्या. हे मी आजही म्हणते, कारण नंतर जे झालं त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं, “एकटीने करताय ना? मग दोनच ठिकाणं निवडा. एक, जिथे नवीन माणूस तुम्हाला पहिल्यांदा पाहील. दुसरं, जिथे जुना माणूस परत येईल. बाकीची खुशाल सोडा. आणि निवडताना स्वतःच्या आवडीने नका निवडू. मागच्या ऑर्डरी आठवा, प्रत्येकीला विचारा की तुम्हाला माझं कुठून कळलं. जिथून माणसं येतात, तिथे बसा.”

मी मान हलवली. सगळ्यांनी हलवली. पण गिऱ्हाइकाला ‘माझं कुठून कळलं’ विचारायचं मला जमलं नाही. ज्या बाईच्या घरी मी भिशीला जाते तिला काय विचारू? एकीला विचारलं तर ती म्हणाली, “अवं, तू इथंच तर राहते.” हे काय उत्तर झालं? तेच खरं उत्तर होतं, पण ते मला तेव्हा कुठे कळलं.

बाईंनी अजून एक सांगितलं होतं, की घरचं आणि धंद्याचं वेगळं ठेवा. हे मात्र मला एकदम पटलं. माझ्या व्हॉट्सॲपवर सकाळी उठलं की मावससासूबाईंची फुलं, दिरांचे संत्र्याचे भाव, सोसायटीच्या पाण्याचं भांडण, आणि त्यात कुठेतरी ‘ताई अर्धा किलो चॉकलेट’ दबलेलं. त्या ऑर्डरवाल्या बायकाही काही कमी नव्हत्या. भाव करायच्या. ‘माझ्यासाठी तरी कमी करा’ म्हणायच्या. क्रीम गोड झालं, क्रीम कमी गोड झालं, नावात वेलांटी चुकली. कौतुक करायची त्यांची रीत म्हणजे डबा रिकामा परत पाठवणं.

आणि इन्स्टाग्रामवर? तिथे तर मी राणी होते. दिवाळीनंतर आमच्या बागेतली आंबिया बहाराची संत्री आली. मी त्यांचा केक केला, साल किसून, रस आटवून, आणि ते किसणं फोनवर चित्रित केलं. तो छोटासा व्हिडिओ कसा कोण जाणे पण सुटला. हजारो लोकांनी पाहिला. ‘अप्रतिम’, ‘ताई तुमचे हात सोन्याचे’, ‘बघूनच वास आला’. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ते वाचायची. आत सासऱ्यांचं रक्त मशीनमधून फिरत असायचं, बाहेर मी फोनवरच्या एकेका लाल बदामाला उत्तर देत बसलेली. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला तेवढंच सुख होतं. घरात कोणी मला सोन्याच्या हाताची म्हणत नव्हतं.

तेव्हा माझी निवड झाली. नवीन माणसांसाठी इन्स्टाग्राम, जुन्यांसाठी व्हॉट्सॲप, पण वेगळ्या नंबरवर, धंद्याचं. फेसबुक सोडलं, यूट्यूब सोडलं, नकाशावरचा ठिपका तसाच राहू दिला. कागदावर मांडलं असतं तर बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. नवीन सिमकार्ड घेतलं, त्यावर धंद्याचं व्हॉट्सॲप टाकलं, केकचे फोटो आणि भाव लावले. मग त्या नंबरवरून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून मेसेज केला, की केकसाठी आता हा नंबर, कृपया सेव्ह करून ठेवा. आणि जुन्या नंबरवर केकचं स्टेटस टाकणं बंद केलं. तो नंबर फक्त घरचा.

भराभर अंगठे आले. पिवळे, गोरे, सावळे, सगळ्या रंगांचे अंगठे. एकीनेही ‘नाही’ म्हटलं नाही. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

आता यातली मेख सांगते. व्हॉट्सॲपचं स्टेटस कोणालाही दिसत नाही. तुमच्या फोनमध्ये तिचा नंबर पाहिजे आणि तिच्या फोनमध्ये तुमचा पाहिजे, दोन्हीकडून सेव्ह असेल तरच दिसतं. एकदम सगळ्यांना पाठवायचा मेसेजही ज्यांनी नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. हे मला माहीत होतं. वर्गात सांगितलं होतं, म्हणून तर ‘सेव्ह करा’ लिहिलं होतं. माहीत नव्हतं ते अंगठ्याचं. आमच्याकडे अंगठा म्हणजे ‘करते’ नव्हे. आमच्याकडे अंगठा म्हणजे ‘वाचलं, आता पुढे जा’. मी स्वतः सोसायटीच्या पाण्याच्या मेसेजला रोज अंगठा देते आणि टाकी एकदाही तपासलेली नाही. तरी मला ते कळू नये?

नव्या नंबरवर पहिला केक टाकला. दिवसभरात स्टेटस पाहणाऱ्यांत नवरा, माझी बहीण, एक मैत्रीण, आणि मीच, माझ्या जुन्या नंबरवरून. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच. जुन्या नंबरवर कधीकाळी शंभराच्या वर बायका पाहायच्या. मी काय समजले? मी समजले लोकांना कंटाळा आला. व्हॉट्सॲपचे दिवस संपले, आता सगळे इन्स्टाग्रामवर गेले. आणि तसं समजायला मला आवडलं, कारण मग उरलेला सगळा वेळ जिथे कौतुक होतं तिथे घालता येत होता.

ओव्हनसमोर उभं राहून मी फोन लावायची. किसणं, ओतणं, कापणं, प्रत्येक गोष्ट दोनदा करायची, एकदा केकसाठी आणि एकदा फोनसाठी. मग ते कापून जोडायचं, गाणं लावायचं, वर अक्षरं टाकायची. एका व्हिडिओला अख्खी दुपार जायची. माझ्याकडे दुपारीच तर होत्या. सासरे दिवाणावरून बघत असायचे.

“काय करून राहिली वं सूनबाई?”

“दुकान चालवून राहिली, बाबा.”

“दुकानात गिऱ्हाईक दिसत नाई पण.”

“आहेत ना, फोनात आहेत. हजार जण आहेत.”

“हजार?” ते खरंच खूश झाले. “मंग संत्रे कमी पडतीन. थोरल्याले सांगतो, अजून एक क्रेट पाठव म्हनून.”

त्यांनी दिरांना फोन केलाही. एसटीच्या डिक्कीतून क्रेट आलं. मला ते पाहून रडू यायला हवं होतं, पण मी त्याचाही व्हिडिओ केला.

ऑर्डरी? विचारणा खूप यायच्या. ‘पुण्यात मिळेल का’. ‘इंदूरला पाठवता का’. एकीने केरळमधून विचारलं. क्रीमचा केक कुरिअरने कसा जाणार, पोचेपर्यंत त्याचं सरबत होईल. उरलेल्या सगळ्या माझ्यासारख्याच, घरून केक करणाऱ्या. ‘ताई, रस किती आटवायचा’, ‘ताई, साल कडू लागत नाही का’. मी बेकरी चालवत नव्हते, फुकटची शिकवणी चालवत होते. नागपूरकर होते, नाही असं नाही, पण ते कोराडीला, वाडीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेवढ्या लांब स्कूटीवर केक घेऊन जायला माझ्याकडे दुपार उरलेलीच नसायची. आणि माझ्या गल्लीतून, माझ्या सोसायटीतून, जिथून मी कित्येक वर्षं चालवलं, तिथून एकही नाही. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या. इतक्या वर्षांचं माणूस विसरतात, म्हटलं. जाऊ दे. गरज सरो, वैद्य मरो.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीच्या मुलीचा वाढदिवस आला. त्या पोरीचा पहिल्या वाढदिवसापासून केक मी केला होता. एकदा ससा, एकदा बाहुली, एकदा म्हणे डायनासोर. तिला संत्र्याचा वास आवडतो म्हणून आत नेहमी थोडी साल घालायची. फेब्रुवारीत आठवडाभर आधी तिची आई खाली आमच्याकडे यायची आणि ‘यंदा काय करायचं’ म्हणायची. यंदा आली नाही. मी वाट पाहिली. मनात म्हटलं, उद्या येईल. मग त्या पोरीनेच येऊन बोलावणं दिलं, संध्याकाळी केक कापायला या म्हणून.

मी गेले. हातात पेन्सिलींचा डबा घेऊन गेले. टेबलावर केक होता, निळा, वर फुलपाखरं. चांगला होता. मी जवळ जाऊन पाहिलं, कडा कापल्यासारख्या सरळ. मला तो वाईट असायला हवा होता, इतकं मनापासून मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. तो वाईट नव्हता.

“बी विंगमधल्या त्या नव्या आल्या ना, त्याहिनं केला,” शेजारीण म्हणाली. मग माझ्याकडे बघून एकदम हळवी झाली, माझा हात धरला. “तुमी बंद केलं ना? दिवाळीपासून स्टेटसवर एकही केक दिसला नाई. आमी सगळ्या बोललो, बाबांचं आजारपण, बिचारी एकटी किती करन. म्हणून विचारलंच नाई तुमाले. विचारलं तर तुमी नाई म्हणाल्या नसत्या, आन् तुमाले उगाच त्रास.”

मी म्हटलं, मी बंद केलेलं नाही. नवीन नंबर पाठवला होता. तिने फोन काढला. माझा मेसेज होता, त्याखाली तिचा अंगठा होता, आणि नंबर नुसता नंबरच होता, नाव नसलेला. जुना नंबर मात्र सेव्ह होता. त्याला तिने नाव दिलं होतं, ‘केकवाली काकू’.

“अगं बाई,” ती म्हणाली, “मले वाटलं तुमचा दुसरा नंबर असाच, घरचा वगैरे.”

पोरीने केक कापला. मला पहिला नाही पण दुसरा घास दिला. मी खाल्ला. मुलांनी फुगे फोडले आणि मी तिथे उभी राहून हसत होते, कारण वाढदिवसाच्या घरी रडायची पद्धत नाही. खाली येताना जिन्यात रडले. मला सोडून गेल्या म्हणून मी त्यांच्यावर चिडले होते, आणि त्या माझ्यावर दया करत होत्या. आजारपणाच्या घरी जाऊन केक मागू नये एवढी त्यांना भीड होती. त्या भिडेने माझा धंदा बुडाला. कोणावर राग काढायचा ते सांगा.

घरी येऊन सगळं उलटं केलं. धंद्याचं व्हॉट्सॲप जुन्या नंबरवर आणलं, नवीन सिम काढून टाकलं. इन्स्टाग्रामला सांगितलं, राम राम. मावससासूबाईंची फुलं येतील तर येऊ देत. आणि स्टेटसवर संत्र्याचा केक टाकला, खाली लिहिलं, ‘मी केक करते आहे, बंद केलेलं नाही’. एका दिवसात सोसायटीतल्या, गल्लीतल्या, भिशीतल्या, सगळ्या बायकांनी पाहिलं. बदाम आले. ‘अरे वा’ आलं. ‘किती बरं वाटलं’ आलं. बाईंनी सांगितलेलं दुसरं ठिकाण मला अखेर सापडलं होतं, आणि खरं म्हणजे आधीपासून मी तिथेच होते.

पण ऑर्डरी आल्या नाहीत. एखादी आली. मी एकेकीला विचारलं, आता लाज कसली. भिशीतल्या एकीने सरळ सांगितलं, “त्याहिले नाई म्हणणं आता बरं नाई दिसत वं. नव्या आहेत, लेकरं लहान आहेत त्याहिची. समोरासमोर राहतो आमी. तुमचा पुढच्या वेळेस नक्की घेऊ.” माझ्यासाठी तिने जी भीड पाळली होती, तीच ती आता दुसरीसाठी पाळत होती. मला तिला काहीतरी खरमरीत सुनवायचं होतं. काय सुनवणार? मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. बी विंगच्या त्या बाईने माझं काहीही हिसकावलं नव्हतं. तिने माझं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. जागा रिकामी दिसली, ती बसली.

होळी आली. उन्हं तापायला लागली. सासऱ्यांना दुपारी हॉलमध्ये बसवेना, ओल्या पंच्याने मान पुसत राहायचे, आणि फुलपात्रातलं पाणी एकदम संपू नये म्हणून घोट तोंडात धरून ठेवायचे. मी ते रोज बघत होते. एका रविवारी नवरा टेप घेऊन त्या खोलीत गेला आणि पलंग कुठे बसेल ते मोजायला लागला. त्याचा चेहरा असा पडलेला की मीच म्हटलं, “टेबलच्या जागी नाही, खिडकीपाशी टाका. हवा सरळ येते.”

सासरे मात्र अडून बसले. “मी नाई येत त्या खोलीत. हॉलमध्येच बरा आहो मी. सूनबाईचं दुकान आहे ते.”

“बाबा, दुकान नाही राहिलं,” मी म्हटलं.

“काहून? हजार जण होते ना?”

मी म्हटलं, ते लांबचे होते. त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, “गावात दुकान टाकलं असतं तर चाललं असतं बापा. गावात सगळे जवळचेच असतात.” आणि माझा आधार घेऊन उठले.

ओव्हन एका हॉस्टेलच्या मेसवाल्याने नेला. टेबलावर आता त्यांची औषधं असतात. कूलर लावला की ते लगेच झोपतात, आणि त्यांना तसं झोपलेलं पाहून मला बरं वाटतं, हेही खरं आहे. ते बरं वाटणं आणि ते दुसरं, दोन्ही एकाच वेळी असतात. एकाने दुसरं कमी होत नाही.

इन्स्टाग्राम मी फोनवरून काढलं नव्हतं, नुसतं उघडत नव्हते. एप्रिलमधल्या एका दुपारी उघडलं. एक नवा मेसेज होता. बाई आमच्याच पलीकडच्या गल्लीतली. लिहिलं होतं, तुमचे सगळे व्हिडिओ पाहते, तुम्ही मनीषनगरच्या आहात हे आत्ता कळलं, इतक्या जवळ आणि मला माहीतच नव्हतं. आता आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी कोणाचा तरी वाढदिवस असतो, दर आठवड्याला केक लागेल, वर्षभर, कराल का?

मी ते दोनदा वाचलं. मग तिला बी विंगमधल्या बाईचा नंबर पाठवला आणि लिहिलं की मी बंद केलंय.

तिने लगेच विचारलं, “अरेरे, इतकं छान चाललं होतं. का बंद केलं?”

मी लांबलचक उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी लिहिलं, ‘वेळ मिळत नव्हता.’ सासरे आत झोपले होते, कूलर चालू होता, आणि संध्याकाळपर्यंत मला काहीही काम नव्हतं.